नाट्यसंस्थेचे नाव ठरवताना: देवनागरीत एकच, रोमीतही एकच

गोव्यात हौशी नाटक करणाऱ्या गटाचे नाव एका लिपीत राहूच शकत नाही. संहिता, नेपथ्यावरची पाटी आणि स्पर्धेचा फलक देवनागरीत असतो. बँकेचे खाते, पॅन, सभागृहाच्या आरक्षणाची पावती, इन्स्टाग्राम आणि ईमेल मात्र रोमीत. नाव ठरवताना फक्त अर्थ आणि नाद पाहिला जातो. सहा महिन्यांनी कळते की पावतीवर एक स्पेलिंग, खात्यावर दुसरे आणि पोस्टरवर तिसरेच आहे. बक्षिसाचा धनादेश एका स्पेलिंगने निघतो आणि खाते दुसऱ्या स्पेलिंगचे असते, तेव्हा हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही.

पुढचे मार्गदर्शन नवा गट काढणाऱ्यांसाठी आहे. पणजीची कला अकादमी, मडगाव, साखळी किंवा कुडचडे येथील रवींद्र भवन, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर अशा ठिकाणी मराठी प्रयोग करायचे आहेत आणि नाव अजून पक्के नाही, अशा गटाला ते उपयोगी पडेल.

आधी हे जवळ ठेवा

- पाच ते आठ नावांची यादी. एकाच नावाच्या प्रेमात पडून सुरुवात करू नका.
- मराठी कीबोर्ड असलेले दोन वेगवेगळे फोन.
- गटाबाहेरची दहा माणसे. त्यांतली निम्मी मराठी माध्यमात शिकलेली आणि निम्मी इंग्रजी माध्यमात शिकलेली असावीत. दोघे-तिघे तरी रोमी कोंकणी वाचणारे हवेत.
- गटाच्या बैठकीची वही. शेवटी ठराव तिथेच लिहायचा आहे.

१. गोव्यातल्या दोन रोमी सवयी ओळखा

पुण्या-मुंबईत मराठी नाव रोमीत लिहिताना इंग्रजी वळणाची एकच सवय कामाला येते. गोव्यात दोन आहेत, आणि बहुतेक घोळ इथेच होतो.

एक सवय इंग्रजी वळणाची: श म्हणजे sh, ज म्हणजे j. दुसरी पोर्तुगीज काळापासून चालत आलेली, तियात्रांच्या जाहिरातींत आणि रोमी कोंकणीत रोज दिसणारी. तिच्यात श साठी x येतो, ट-ड-ळ साठी tt, dd, ll अशी जोडी येते, शब्दाच्या शेवटच्या अनुनासिकाला m लागतो आणि देवनागरीतल्या अ च्या जागी कित्येकदा o येतो. म्हणून घुमट हा शब्द Ghumat असाही दिसतो आणि Ghumot असाही.

याचा परिणाम नावावर कसा होतो ते पाहा. 'अक्षर' हा शब्द कोणी हौसेने Axar असा लिहिला, तर रोमी कोंकणी वाचणारा माणूस तो 'अशर' असा वाचेल. 'शांतादुर्गा' हे नाव Shantadurga, Xantadurga अशा दोन्ही रूपांत लिहिले जाते. ग्रामदैवताचे नाव गटाला देण्याची आपली प्रथा आहे आणि तिच्यामागे श्रद्धा आहे. पण शांतादुर्गेची देवळे गोव्यात गावोगावी आहेत, त्यामुळे स्पेलिंग सांभाळले तरी सारख्या नावाचे दोन गट एकाच सभागृहात येऊ शकतात. देवीचे नाव नांदीत आणि श्रीफळ वाढवताना घ्या, संस्थेच्या नावासाठी दुसरा शब्द शोधा, असे आमचे मत आहे.

२. धोक्याची अक्षरे यादीतून ओळखा

प्रत्येक नावाखाली पेन्सिलने रेघ मारत जा. पुढची अक्षरे दिसली की एक रेघ.

ज्ञ हे सगळ्यांत वाईट. मराठी माणूस Dnyan लिहितो, हिंदीच्या सवयीचा Gyan, संस्कृत शिकलेला Jnan. तिन्ही बरोबर असतात, म्हणून वाद कधी संपत नाही. त्याखालोखाल श, ष आणि क्ष. मग ज: मराठीत त्याचे दोन उच्चार आहेत आणि गोव्यात z लिहिण्याची सवय पक्की आहे. जुवारी नदी अधिकृत कागदावर Zuari असते. ऋ आला की नृत्य हे Nritya होते किंवा Nrutya. व साठी v आणि w असे दोन पर्याय. फ साठी ph आणि f. औ साठी au, ou, ow असे तीन.

दुसरा सापळा अक्षरात नसतो, दोन अक्षरांच्या मधे असतो. आपण 'ओसरी' लिहितो पण बोलताना मधला अ गिळतो. म्हणून काही जण Osari लिहितात, काही Osri. 'दिवली' या सुंदर गोमंतकीय शब्दाचे तर आणखी वाईट होते: Divli लिहिले तर ठीक, पण Divali लिहिले की वाचणाऱ्याला दिवाळी दिसते. नियम सोपा आहे. तीन किंवा अधिक अक्षरांच्या शब्दात मधल्या अक्षराला काना, मात्रा किंवा वेलांटी नसेल तर सावध व्हा. मधल्या अक्षराला स्वरचिन्ह असेल तर तो स्वर रोमीत लिहावाच लागतो आणि मतभेदाला जागा राहत नाही.

तिसरा सापळा अ आणि आ यांचा. रोमीत दोघांनाही a. Kala हे कला आहे, कळा आहे, काळा आहे आणि आपल्याकडचा देवळातला काला सुद्धा आहे. 'पात्र' लिहायला गेलात तर Patra म्हणजे पत्र वाचले जाते. 'मांड' हा शब्द गोव्यातल्या लोककलांच्या पवित्र जागेचा, म्हणून नाटकवाल्यांना तो हमखास सुचतो. पण Mand वाचून अनोळखी माणूस 'मंद' म्हणतो. aa लिहून हा प्रश्न सुटेल असे वाटते, पण सुटत नाही, कारण ते दोन a प्रत्येकाला प्रत्येक वेळी आठवायला हवेत.

देवनागरीच्या बाजूचेही दोन सापळे आहेत. मराठीत 'कृती', 'अनुभूती' असे शेवटचे अक्षर दीर्घ लिहितात, पण संस्कृत-हिंदीच्या सवयीने 'कृति' लिहिणारे पुष्कळ. नाव अशा शब्दावर संपत असेल तर देवनागरीतच दोन रूपे फिरू लागतील. दुसरे म्हणजे ॲ आणि ऱ्य यांसारखी अक्षरे. फोनवर ॲ दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना फोन त्यांना वेगळे धरू शकतो. छापखान्यात जुने फाँट असतील तर हीच अक्षरे आधी तुटतात. 'ॲक्टर्स' वगैरे नावे यासाठी टाळावीत.

एखाद्या नावाखाली तीन रेघा आल्या तर ते यादीतून काढा. एक-दोन असतील तर पुढच्या पायरीवर न्या.

३. तीन चाचण्या घ्या

पहिली: नाव फोनवरून एकदाच सांगा आणि देवनागरीत लिहून पाठवायला सांगा. अर्थ सांगू नका, फोड करून सांगू नका. दुसरी: त्याच माणसाला तेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगा. तिसरी वेगळ्या माणसांवर घ्यायची: त्यांना फक्त रोमी स्पेलिंग पाठवा आणि आवाजी निरोपात वाचून मागवा.

तिसरी चाचणी बरेच गट करत नाहीत, आणि खरी चूक तिथेच पकडली जाते. सभागृहात निवेदकाच्या हातात येणारा कागद अनेकदा रोमीत असतो. तो जे वाचेल ते प्रेक्षकांच्या कानावर पडेल.

दहापैकी आठांचे उत्तर तुमच्या रूपाशी अक्षरशः जुळले तर नाव टिकले. सात किंवा कमी असतील तर चुका कशा आहेत ते पाहा. सगळ्यांची चूक एकच असेल, तर कदाचित तुम्ही ठरवलेले स्पेलिंगच चुकीचे आहे; लोकांचे स्पेलिंग घ्या. चुका चार प्रकारच्या असतील तर नाव सोडा.

यासोबत फोनवरही पाहा. अक्षरांवरून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर तुमचे रोमी स्पेलिंग टाइप करा. पहिल्या तीन पर्यायांत तुमचे देवनागरी नाव यायला हवे. ही तपासणी नव्या फोनवर किंवा दुसऱ्याच्या फोनवर करा, कारण तुमच्या फोनने तो शब्द एव्हाना शिकून घेतलेला असतो.

४. एक यादी शेवटपर्यंत नेऊन पाहू

समजा, फोंड्याच्या एका गटाने सहा नावे काढली: ज्ञानरंग, जागर, नांदी, नाट्यकृती, तिसरी घंटा, सुरंगी.

'ज्ञानरंग' पहिल्या अक्षरालाच अडकते. Dnyanrang, Gyanrang, Jnanrang, शिवाय मधे a घालून Dnyanarang. ते चाचणीपर्यंत नेऊच नये.

'जागर' अर्थाने उत्तम, रात्रभर जागून खेळ करण्याची आठवण त्यात आहे. पण गोव्यात जागर किंवा जागोर हा स्वतंत्र लोकनाट्यप्रकार आहे, आणि शिवोलीचा जागोर Zagor याच स्पेलिंगने सर्वदूर माहीत आहे. Jagar, Zagar, Zagor, Jagor अशी चार रूपे होतात. शिवाय इंटरनेटवर शोधणाऱ्याला आधी उत्सव सापडेल, तुमचा गट नाही.

'नांदी' पहिल्या चाचणीत पूर्ण गुण मिळवते. मराठी माणूस ऐकून ते नीटच लिहितो. दुसरीतही बहुतेक जण Nandi लिहितात. तिसरीत मात्र ते पडते, कारण Nandi वाचून लोक 'नंदी' म्हणतात. नाटकाच्या आरंभीच्या मंगलाचरणाऐवजी शंकराचे वाहन! पहिल्या दोन चाचण्यांवर थांबलेल्या गटाला हे पहिल्या प्रयोगाच्या दिवशी कळेल.

'नाट्यकृती' मध्ये शेवटची वेलांटी आणि ऋ, दोन्ही आहेत: Natyakruti, Natyakriti, शिवाय Natya Kruti असे तोडून. देवनागरीत नाट्यकृति. पाच-सहा रूपे सहज होतात.

'तिसरी घंटा' हे नाव सोडताना जिवावर येईल. नाटकवाल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण मधल्या 'स' ला स्वरचिन्ह नाही, म्हणून Tisri आणि Tisari, आणि हिंदीच्या सवयीने Teesri. दोन शब्द असल्यामुळे ईमेल जोडून की तोडून हा प्रश्न वेगळाच. हे नाव एखाद्या वार्षिक उपक्रमाला किंवा नाट्यवाचनाच्या कार्यक्रमाला ठेवावे, तिथे स्पेलिंगने एवढे बिघडत नाही.

उरले 'सुरंगी'. वसंतात बाजारात गजरे येतात ते हे फूल, गोवा-कोकणातल्या माणसाला ओळखीचे, आणि त्यात 'रंग' आपसूक आला आहे. अक्षरे तपासा. स ला एकच पर्याय. उकार ऱ्हस्व, म्हणून oo लिहिण्याचा मोह नाही. 'रं' वर अनुस्वार असल्यामुळे मधला अ गिळता येत नाही. पुढे ग असल्यामुळे अनुस्वाराला n च येतो. शब्द मराठी वळणाचा, म्हणून शेवटी 'गि' कोणी लिहीत नाही. रोमीत Surangi. परत वाचले की सुरंगी, क्वचित कोणी 'सुरांगी' म्हणेल.

दोष यातही आहेत. रोमी कोंकणीच्या सवयीचा माणूस a च्या जागी o घालू शकतो. हिंदीत सुरंग म्हणजे भुयार, तेव्हा बाहेरगावच्या महोत्सवात अर्थ सांगावा लागेल. आपला प्रेक्षक गोव्यातला असेल तर हे दोष चालण्यासारखे आहेत. पूर्ण निर्दोष नाव शोधत बसू नका. कोणता दोष पत्करतो आहोत ते माहीत असले की पुरे.

५. नावाची शेपटी आणि गाव

मूळ शब्द पक्का झाला की पुढे काय लावायचे ते ठरवा: नाट्यमंडळ, नाट्यसंस्था, कलामंच. इथे एकच सापळा मोठा आहे. देवनागरीत आपण 'नाट्यसंस्था' जोडून लिहितो, रोमीत बरेच लोक Natya Sanstha तोडतात. बँकेच्या संगणकाला ही दोन वेगळी नावे वाटू शकतात. एक पद्धत ठरवा. आम्ही रोमीतही जोडूनच लिहायला सांगू, म्हणजे दोन्ही लिपींत शब्दांची संख्या सारखी राहते: सुरंगी नाट्यसंस्था, Surangi Natyasanstha.

गावाचे नाव संस्थेच्या नावात घेऊ नका. गोव्यातल्या गावांची देवनागरी आणि रोमी रूपे एकमेकांवरून काढता येत नाहीत. फोंडा हे Ponda, डिचोली हे Bicholim, कुडचडे हे Curchorem, पेडणे हे Pernem. साखळी तर Sanquelim आणि Sankhali अशा दोन्ही रूपांत दिसते. गाव हवेच असेल तर स्वल्पविराम देऊन पत्त्यासारखे पुढे लिहा आणि अधिकृत रोमी रूपच वापरा. नद्यांचेही तेच: मांडवी हे देवनागरीतले रूप, पण रोमीत Mandovi. तुम्ही Mandavi लिहिले तरी दुसरा कोणी ते 'सुधारून' Mandovi करणारच.

६. नाव कोणाचे आहे का ते पाहा

दोन्ही लिपींत शोधा आणि चुकीच्या स्पेलिंगनेही शोधा. आधी गोव्यातल्या नाट्यस्पर्धांचे मागच्या काही वर्षांचे निकाल चाळा, कारण आपल्या सभागृहांत येणारे गट तिथेच सापडतात. मग यूट्यूब आणि इन्स्टाग्राम. ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग ४१ पाहा. करमणुकीच्या सेवा त्या वर्गात येतात, आणि तिथे उच्चारावरून शोधण्याची सोय आहे.

इन्स्टाग्रामच्या वापरनावात देवनागरी चालत नाही. रोमी अक्षरे, अंक, टिंब आणि अधोरेषा एवढेच, जास्तीत जास्त ३० चिन्हे. जीमेलच्या पत्त्यालाही ३० चीच मर्यादा आहे, पण तिथे अधोरेषा चालत नाही आणि टिंब धरले जात नाही. म्हणून दोन्हीकडे चालेल असे विनाचिन्ह रूप घ्या:

```
suranginatya
```

हे फोनवर सांगताना 'मधे काही नाही, सगळे जोडून' एवढेच सांगावे लागते.

राष्ट्रीय चिन्हांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा कायदाही लक्षात ठेवा. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे आहेत, आणि सरकारी आश्रय सुचवणारी नावेही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अशी नावे नोंदवायला गेलात तर अर्ज अडतो.

७. ठराव लिहा, मग कागद करा

नोंदणी करणार असाल तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. लागणारे मुख्य कागद असे:

- संस्थेचे नाव, उद्दिष्टे आणि कार्यकारिणीची नावे, पत्ते व व्यवसाय असलेले उद्दिष्टपत्र
- नियमावली, कार्यकारिणीच्या किमान तीन सदस्यांच्या सह्यांनी प्रमाणित
- सदस्यांची ओळखपत्रे
- कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा, जागा दुसऱ्याची असल्यास त्याचे ना-हरकत पत्र

पण हे कागद करण्याआधी वहीत ठराव लिहा. नमुना असा:

"संस्थेचे नाव देवनागरीत 'सुरंगी नाट्यसंस्था' आणि रोमी लिपीत 'Surangi Natyasanstha' असे राहील. दोन्ही नावे याच अक्षरांत व याच शब्दतोडीने सर्व कागदपत्रांत लिहावीत."

उद्दिष्टपत्रातही दोन्ही रूपे घाला. पुढे पॅन आणि बँक खाते त्याच रोमी रूपाने काढा, आणि क्रम हाच ठेवा: नोंदणी, पॅन, बँक. उलट क्रमाने गेलेल्या गटाचे खाते एका स्पेलिंगने उघडते, नोंदणी दुसऱ्या स्पेलिंगने होते आणि दुरुस्तीसाठी सगळ्यांना पुन्हा सह्या कराव्या लागतात. पॅन हातात आले की त्यावरचे नाव ठरावाशी एकेक अक्षर लावून पाहा. चूक असेल तर बँकेत जाण्याआधी दुरुस्त करा.

नोंदणी करणार नसाल तरी ठराव हवाच. स्पर्धेची प्रवेशपत्रिका आणि लेखकाच्या परवानगीचे पत्र तुमच्यातले वेगवेगळे लोक भरत असतात. प्रत्येकाच्या फोनमध्ये ठरावाचा फोटो असू द्या, आणि नाव टाइप करण्याऐवजी तिथून बघून लिहायची सवय लावा.

८. छापखान्याकडे जाताना

देवनागरी नाव मजकुरात पाठवू नका. छापखान्यात जुना फाँट असेल तर युनिकोडमधला मजकूर उघडताच काना-मात्रा सरकतात. नावाची अक्षरे आकृतीत बदलून घेतलेली पीडीएफ एकदाच करून ठेवा आणि प्रत्येक वेळी तीच द्या. फ्लेक्सचा नमुना फोनवर येतो तेव्हा तो मोठा करून अनुस्वार पाहा; 'सुरंगी' वरचे टिंब गाळले गेले की 'सुरगी' होते, आणि दहा फुटी फलकावर ते लटकवल्यानंतर दुरुस्त करता येत नाही.

पोस्टरवर दोन्ही रूपे एकाखाली एक ठेवा, रोमी रूप देवनागरीच्या निम्म्या उंचीचे. पहिले तीन-चार प्रयोग तरी हे सोडू नका. वार्ताहराला बातमीसाठी पाठवलेल्या मजकुरातही पहिल्या ओळीत दोन्ही रूपे द्या, कारण इंग्रजी वृत्तपत्रात एकदा छापलेले स्पेलिंग पुढचे सगळे तसेच उचलतात.